३ × २० च्या पट्टीत बारा पेंटोमिनो: ठेवण्याआधीच मोजून कळतं का?

सुतारपक्षी

मंडळी, भाचीसाठी प्लायवूडचे बारा पेंटोमिनो कापले. प्रत्येक तुकडा पाच घरांचा, एकूण ६० घरं. आकारांना अक्षरांची नावं आहेत, तीच वापरतो: एफ, आय, एल, एन, पी, टी, यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड. तुकडे फिरवायला आणि उलटे करायला परवानगी आहे.

६ × १० ची चौकट तिने खटपट करून भरली. मग मला चेव आला आणि मी ३ × २० ची लांब पट्टी केली. तिथे गाडी अडली ती अडलीच. सगळ्यात अडेलतट्टू तुकडा आधी ठेवायचा असं आमचं धोरण, म्हणून एक्स पहिला. तो आम्ही दर वेळी मध्यावर कुठेतरी ठेवतो आणि शेवटी कुठेतरी दोन नाहीतर तीन घरांचं भोक उरतं.

प्रश्न असा: एखादी जागा मुळातच अशक्य आहे हे काठावरची, कोपऱ्यातली घरं मोजून आधीच ओळखता येतं का? उत्तर टाकू नका, भाची फाडून खाईल. मोजायचं कसं तेवढंच सांगा.

झुळूक

शीर्षकात पट्टी आणि कोपरे वाचून धावत आले. आमच्या बाथरूमच्या कडेची टाइल्सची पट्टी मिस्त्रीने कोपऱ्यात येऊन अर्धी कापून लावली आहे. आधी मोजायला काय झालं होतं, हाच माझाही प्रश्न!

सुतारपक्षी

झुळूकताई, तुमच्या मिस्त्रीला निदान कापायची तरी मुभा होती.

काटकोन

एक्सपुरतं उत्तर अगदी सोपं आहे. पट्टी तीनच ओळींची आणि एक्स तिन्ही ओळींत पसरतो. म्हणजे तो पट्टीचे दोन तुकडे पाडतो, डावीकडचं काही उजवीकडे जाऊ शकत नाही. मग डावीकडच्या घरांची संख्या पाचाच्या पटीत असायलाच हवी, नाहीतर तिकडे पूर्ण तुकडे बसणार कसे?

आता मोजा. एक्सचं मधलं घर आठव्या स्तंभात आहे असं धरा. त्याच्या डावीकडे सात स्तंभ, म्हणजे २१ घरं. पण एक्सचा डावा हात सातव्या स्तंभातलं मधलं घर खातो, म्हणून उरली २०. जमलं. दहाव्या स्तंभात ठेवलात तर २७ वजा १, म्हणजे २६. एक घर जास्त, खेळ खलास. बाकी तुकडे कसेही फिरवा, काही उपयोग नाही.

असं एकेक स्तंभ घेऊन मोजलंत तर तिसरा, आठवा, तेरावा आणि अठरावा एवढेच उरतात. पट्टी उलटी धरली की अठरावा म्हणजे तिसराच आणि तेरावा म्हणजे आठवाच. थोडक्यात, एक्सच्या दोनच जागा तपासायच्या: तिसरा स्तंभ किंवा आठवा. तुमच्या 'मध्यावर कुठेतरी'चा निकाल इथेच लागला.

सुतारपक्षी

हे भारी आहे. आम्ही नववा, दहावा, अकरावा हेच करत बसलो होतो.

भोपळा_१०१

यापेक्षा सोपं आहे. पट्टी बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी रंगवा. बाकी अकरा तुकडे कसेही ठेवा, ते एका रंगाची ३ आणि दुसऱ्याची २ घरं झाकतात. एकटा एक्स ४ आणि १ झाकतो. त्यामुळे मध्यावर ठेवला की रंगांचा तोल बिघडतो, म्हणून तो टोकाला जातो.

काटकोन

भोपळा, पहिलं अर्धं शंभर टक्के बरोबर. पण एक्स कुठेही ठेवला तरी तो ४ आणि १ च झाकणार, फक्त कुठला रंग ४ वेळा ते बदलेल. पट्टीत ३० काळी, ३० पांढरी. समजा एक्सने काळी ४ घेतली. मग बाकी अकरांपैकी सातांनी पांढरी जास्त घ्यायला हवीत आणि चारांनी काळी जास्त. एवढंच त्यातून निघतं. हे जमवणं अवघड नाही, त्यामुळे रंगांच्या हिशेबाने या पट्टीत एक्सची एकही जागा बाद होत नाही.

भोपळा_१०१

पण रंगवून बरंच काही बाद होतं असं वाचलंय मी.

काटकोन

होतं, काळ्या-पांढऱ्या घरांची संख्या बरीच वेगळी असलेल्या आकारात. अकरा तुकडे मिळून जास्तीत जास्त ११ चा फरक पाडतात आणि एक्स ३ चा, म्हणजे १४. साठ घरांच्या आकारात फरक त्याहून मोठा असेल तर तो आकार बसूनही पाहू नका. इथे फरक शून्य आहे.

सदूभाऊ

एवढी आकडेमोड कशाला? वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्रॅम लिहा, चहा होईपर्यंत सगळी उत्तरं हातात. ६ × १० ची २३३९, ५ × १२ ची १०१०, ४ × १५ ची ३६८ आणि तुमच्या ३ × २० ची फक्त २. फिरवलेली आणि आरशातली वेगळी न धरता. हे सगळं कधीच मोजून झालंय.

मुक्ता_पी

सदूभाऊ, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाही आधी मोजावंच लागलं होतं की. १९५८ साली डेना स्कॉट यांनी ८ × ८ च्या पटात मधली चार घरं रिकामी ठेवून सगळी उत्तरं यंत्राकडून काढली, ६५ आली. तेव्हाच्या यंत्राचा वेग बघता त्यांनी आधी एक्सच्या जागांचा विचार केला. सममितीने सारख्या पडणाऱ्या जागा वगळल्या की तीनच उरतात. काटकोनरावांनी वर वीस स्तंभांतून दोन उरवले तीच ही युक्ती.

आता मूळ प्रश्नातल्या कोपऱ्यांकडे येते. तीन ओळींच्या पट्टीत चार तुकडे कोपऱ्याला जाऊच शकत नाहीत: एक्स, एफ, डब्ल्यू आणि झेड. एक्सचं उघड आहे. झेड बघा: उभा ठेवून वरचा कोपरा झाकला की खाली दोन घरं कोंडली जातात, आडवा ठेवला तरी दोनच कोंडली जातात. एफ एका बाजूने ठेवला तर शेजारचा कोपराच एकटा पडतो, दुसऱ्या बाजूने ठेवला तर दोन घरांचा खड्डा. टी बसतो, पण एकाच तऱ्हेने: त्याची आडवी काठी उभी करून टोकाच्या तिन्ही घरांवर.

निवांत

डब्ल्यू का नाही? पायऱ्यांसारखा आहे, कोपऱ्यातून सुरू करून खाली उतरवला की झालं.

मुक्ता_पी

उतरवून बघा. वरच्या डाव्या कोपऱ्यातून आधी खाली उतरलात तर तो तिसऱ्या ओळीत दुसऱ्या स्तंभावर पोचतो आणि खालचा कोपरा एकटा अडकतो. आधी उजवीकडे गेलात तर पहिल्या स्तंभातली खालची दोन आणि त्यांच्या शेजारचं एक, अशी तीन घरं बंद. तीन घरांचा पेंटोमिनो कुठून आणणार?

निवांत

कागदावर काढून पाहिलं. मान्य.

सुतारपक्षी

म्हणजे टोकांसाठी आय, एल, एन, पी, टी, यू, व्ही, वाय एवढेच. भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, "एक्स तिसऱ्या स्तंभात ठेवला तर डावीकडे पाचच घरं उरतात, तिथे यू सोडून काही बसतच नाही." बरोबर आहे तिचं?

काटकोन

शंभर टक्के. ती पाच घरं यूच्याच आकाराची आहेत, दुसरा पर्याय नाही. मुलगी तयार आहे.

आता एक मोजणी सांगतो, ती मला या पट्टीत सगळ्यात जास्त आवडते. मधल्या ओळीत २० घरं आहेत, बाकी ४० वरच्या आणि खालच्या काठावर. प्रत्येक तुकडा मधल्या ओळीतली कमीत कमी किती घरं खाईल ते बघा.

आय काठावर झोपला तर शून्य. एल आणि वाय यांची लांब बाजू काठावर ठेवली तर एकेक. व्ही तिन्ही ओळींत जातो आणि मधलं नेहमी एकच घेतो. टी आणि झेड उभे ठेवले तर एकेक. यू उघड्या तोंडाने डावीकडे किंवा उजवीकडे बघत असेल तर एक. पी, एन, एफ, डब्ल्यू किमान दोन-दोन. एक्स कायम तीन. आता बेरीज करा: शून्याचा एक, एकाचे सहा, दोनाचे चार आणि तीनाचा एक. सहा अधिक आठ अधिक तीन, सतरा.

हवीत वीस. म्हणजे अख्ख्या पट्टीत फक्त तीन घरांची सूट आहे. कुठलाही तुकडा आपल्या किमान संख्येपेक्षा मधली जास्त घरं घेतो तेव्हा ती या तीनांतून वजा होतात.

मुक्ता_पी

आईगं! मग आय मधल्या ओळीत ठेवताच येत नाही, तो एकटाच पाच मागतो.

काटकोन

तेच. आणि बाकीचं बघा. एल किंवा वाय यांची लांब बाजू मध्ये टाकलीत तर तीन गेले, मग उरलेले सगळे किमान संख्येवरच ठेवायचे. टी आडवा केला म्हणजे त्याचा दांडा मधल्या ओळीतून गेला, तर दोन गेले. झेड आडवा केला तरी दोन. टी आणि झेड दोन्ही आडवे, हे अशक्य. एफ, पी, एन आडवे करून मध्ये तीन घरं टाकलीत तर प्रत्येकी एक. यू झोपवलात तर एक किंवा दोन.

मुक्ताताईंचा कोपऱ्यातला टीही इथे तपासून बघा. तो टोकाला उभा राहिला की दांडा मधल्या ओळीत जातो, म्हणजे दोन खर्च. पुढे अख्ख्या पट्टीत एकाच घराची सूट उरते. टोकाला टी घालणारे बहुतेक जण इथेच अडकतात.

भोपळा_१०१

हा हिशेब मस्त आहे, पण बेरीज वीसपेक्षा कमी भरली तर? म्हणजे सगळे किमान संख्येवर ठेवले तर सतराच होतात.

काटकोन

तेही अशक्यच. बेरीज बरोबर वीस यायला हवी. म्हणजे कोणीतरी जास्तीची तीन घरं घेतलीच पाहिजेत. अर्धी पट्टी भरून झाल्यावर आतापर्यंत किती खर्च झाला ते मोजा. तीन संपले असतील आणि हातात एक तुकडा आडवाच बसतोय असं दिसलं, की तिथेच थांबायचं. शेवटच्या भोकापर्यंत जायची गरज नाही.

सदूभाऊ

माझा प्रोग्रॅम हेच करतो, फक्त मनातल्या मनात आणि चिडचिड न करता.

निवांत

सदूभाऊ, तुमच्या प्रोग्रॅमला ६ × १० मध्ये हे असं मोजून फायदा होतो का? माझ्याकडे तीच पेटी आहे.

सदूभाऊ

पाचाच्या पटीचा होतो. दर तुकडा ठेवल्यावर रिकाम्या जागेचे कप्पे पडलेत का ते बघतो आणि एखादा कप्पा पाचाच्या पटीत नसला की मागे फिरतो. मधल्या ओळीचा हिशेब मात्र माझ्याकडे नाही, मान्य करतो.

काटकोन

सहा ओळींत एकही तुकडा वरपासून खालपर्यंत पोचत नाही, त्यामुळे पट्टीसारखी सरळ फाळणी मिळत नाही. काठावरून मिळतं ते थोडं. एक्स कोपऱ्याला खेटला, म्हणजे मधलं घर दुसऱ्या ओळीत दुसऱ्या स्तंभात, तर कोपरा एकटा पडतो. एक स्तंभ सरकवून तिसऱ्यात आणला तर कोपऱ्याची चार घरं एका तुकड्यात येणं भाग आहे आणि पाचवं घर दोनच ठिकाणी जाऊ शकतं. त्यामुळे तिथे यू किंवा एल, तिसरा कोणी नाही. त्यापुढे सरकलात की पर्याय वाढत जातात आणि मोजणीचा जोर ओसरतो. २३३९ उत्तरं असलेल्या चौकटीत तसं होणारच.

निवांत

यू किंवा एल. हे घरी करून बघतो. माझ्याकडचा एल कुत्र्याने चावलाय, पण ओळखू येतो.

झुळूक

मी अजून इथेच आहे. बाथरूम सोडून आता हेच वाचतेय. मला एक सांगा, आठव्या स्तंभातला एक्स बाद होतो का? पाचाची पट जमतेय, मध्ये तो तीनच घेतोय.

सुतारपक्षी

झुळूकताईंनी माझाच प्रश्न विचारला. भाची नेमकी तिथेच आहे. एक्स आठव्यात, डावीकडे चार तुकडे, आणि ती हटायला तयार नाही.

सदूभाऊ

दोनच उत्तरं आहेत आणि दोन्हींत एक्स टोकाजवळ, तिसऱ्या स्तंभात. आठव्याचा विषय संपला.

मुक्ता_पी

संपला, पण यंत्राच्या जिवावर. हाताने बाद करायचं तर थोडं पुढे जाता येतं. आठव्यात एक्स असेल तर डावीकडे मधल्या ओळीची सहा घरं उरतात आणि उजवीकडे अकरा. डावीकडे चार तुकडे. पी, एन, एफ, डब्ल्यू या चौकडीतला प्रत्येक जण किमान दोन खातो, म्हणून चौघेही डावीकडे येऊ शकत नाहीत, आठ होतील. तिघे आले तर सहा तिथेच संपले, मग चौथा आयच हवा आणि तोही काठावर झोपलेला. एरवी या चौकडीतले डावीकडे जास्तीत जास्त दोन.

काटकोन

छान. शिवाय एक्सच्या डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना वर आणि खाली एकेक खाच राहते. एका बाजूच्या दोन्ही खाचा एकाच तुकड्याने भरायच्या तर तो यूच असतो आणि यू एकच आहे. म्हणजे निदान एका बाजूला दोन वेगळे तुकडे एकएका खाचेत शिरणार. इथून पुढे प्रकरणं पाडत जावं लागतं. ते मी पूर्ण लिहून काढलेलं नाही. निव्वळ मोजणीने आठवा बाद होतो असं मी म्हणणार नाही.

भोपळा_१०१

मला वाटतं रंगांनी होईल.

काटकोन

वाटू दे.

सदूभाऊ

उत्तर खाली देतोय. सुतारपक्षी, भाचीला बाजूला करा. ज्यांना नको त्यांनी खाली सरकू नका.

```
UUXPPPLLLLFTTTWWZVVV
UXXXPPLNNFFFTWWYZZZV
UUXIIIIINNNFTWYYYYZV
```

डावीकडून क्रम यू, एक्स, पी, आय, एल, एन, एफ, टी, डब्ल्यू, वाय, झेड, व्ही. दुसरं उत्तर वेगळं शोधायला नको. एलपासून झेडपर्यंतचे सात तुकडे मिळून जो ३५ घरांचा ठोकळा होतो, तो अर्धा फेरा फिरवला तरी त्याच जागेत बसतो. तो फिरवा, दुसरं उत्तर तयार.

मुक्ता_पी

उत्तर नको असं पहिल्याच प्रतिसादात लिहिलं होतं हो!

बरं, आता टाकलंच आहे तर हिशेब लावून बघितला. मधल्या ओळीत झेड आडवा, दोन जास्त. एफ आडवा, एक जास्त. बाकी सगळे किमान संख्येवर. तीन बरोबर तीन. टोकांना यू आणि व्ही, कोपऱ्याची यादीही जुळली. डब्ल्यू तिन्ही ओळींत पसरतो, त्याच्या डावीकडची घरं मोजली तर १३ + १३ + १४ = ४०, पाचाच्या पटीत.

निवांत

डब्ल्यूसाठीही स्तंभ ठरलेले असणार मग?

काटकोन

या दिशेने ठेवला, म्हणजे खाली डावीकडून वर उजवीकडे चढणारा, तर त्याचा पहिला स्तंभ चौथा, नववा किंवा चौदावा. इथे चौदावा आहे. व्ही, टी, झेड, एफ यांच्या प्रत्येक ठेवणीसाठी असाच तक्ता करता येतो. फक्त आय, एल, एन, वाय यांना हा नियम लावू नका. ते दोन ओळींच्या पलीकडे जात नाहीत, त्यामुळे पट्टी कापत नाहीत. पी उभा ठेवला तर कापतो, आडवा ठेवला तर नाही.

झुळूक

उभा पी! आमच्या मिस्त्रीने हेच करायला हवं होतं.

सुतारपक्षी

भाचीने उत्तर पाहिलेलं नाही, फोन मी लपवला. पण काटकोनरावांचा तीन घरांच्या सुटीचा हिशेब तिला समजावला. तिने आता प्रत्येक तुकड्याच्या मागे त्याची किमान संख्या पेन्सिलीने लिहिली आहे आणि ठेवताना खर्च मोठ्याने मोजते. एक्स अजूनही आठव्यात आहे. डावीकडे यू, मग उरलेल्या ३ × ५ मध्ये तीन तुकडे, असा तिचा बेत आहे. यू डावीकडे गेला तर उजवीकडच्या दोन खाचांत कोणकोणते तुकडे जाऊ शकतात, हे कोणी मांडून देईल का? ती म्हणते, यंत्राचं ऐकणार नाही.